जामीन झाला, जामीनदार नाही: एका एसओपीची घडण

जिल्हा कारागृहातल्या भेटीच्या खोलीत विधी सहाय्य केंद्राची मुलं बसतात तेव्हा त्यांच्यापुढे एक छापील तक्ता असतो. नाव, वय, कुठल्या पोलीस ठाण्याचा गुन्हा, कलम, अटकेची तारीख, वकील आहे का, जामिनाचा अर्ज केला का, त्याचं काय झालं. समोरचा कैदी सांगत जातो, मुलं लिहीत जातात. शेवटच्या रकान्याशी आलं की काही जण एक विचित्र उत्तर देतात: “जामीन झालाय.” मग तुम्ही आत कसे? “जामीनदार नाही.”

कायद्याची पदवी घेतलेली आणि अशा केंद्रात दोन वर्षं काम केलेली एखादी मुलगी एलएलएमसाठी परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करायला बसते, तेव्हा तिच्याजवळची सर्वांत मोलाची गोष्ट बहुधा हाच रकाना असतो. आणि तिच्या पहिल्या मसुद्यात तो बहुधा कुठेच नसतो.

एलएलएमच्या अर्जात गुणपत्रकं असतात, प्राध्यापकांची शिफारसपत्रं असतात, कामाचा तपशील देणारं एक पान असतं. यातलं काहीही अर्जदार स्वतःच्या आवाजात बोलत नाही. ते बोलणं होतं ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’मध्ये, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या ‘एसओपी’मध्ये. लांबी एक-दोन पानांची. तुम्हाला हा अभ्यासक्रम का करायचा आहे आणि तुम्ही तो करण्याजोगे का आहात, एवढं त्यात सांगायचं. वाचणारे बहुतेक वेळा त्याच विभागात शिकवणारे लोक असतात. हार्वर्डच्या विधी विद्यालयाने तर या निवेदनाचे दोन भाग पाडले आहेत: एका भागात आपल्या विषयातला एखादा कायदेशीर प्रश्न घेऊन त्याची मांडणी करायची, दुसऱ्यात स्वतःबद्दल आणि एलएलएमच्या कारणाबद्दल लिहायचं. इतर ठिकाणी असे भाग पाडून मागत नाहीत, पण वाचणाऱ्याची अपेक्षा तीच असते. आधी प्रश्न दाखवा, मग स्वतःला.

समजायला सोपं जावं म्हणून नमुन्याची एक अर्जदार धरू. जिल्ह्याच्या गावच्या विधी महाविद्यालयातून पदवी घेतलेली, शिकत असल्यापासून महाविद्यालयाच्या विधी सहाय्य केंद्रात काम केलेली. असं केंद्र महाविद्यालयाने चालवावं, ही बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांतलीच अट आहे. ही केंद्रं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या हातात हात घालून चालतात आणि प्राधिकरणाचा आधार आहे 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. त्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे कोणतीही स्त्री, कोणतंही मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकील मागू शकते. यांपैकी कुणालाही उत्पन्नाचा दाखला आणावा लागत नाही. हे साधं कलम लोकांना माहीत नसतं, म्हणून मुलं गावोगाव शिबिरं घेतात आणि कारागृहात जाऊन तक्ते भरतात.

तिच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात साधारण अशी असते: “लहानपणापासून मला अन्यायाची चीड होती. विधी सहाय्य केंद्रात मी दोनशेहून अधिक गरीब अशिलांची बाजू मांडली. हुसैनारा खातून खटल्याने मला प्रेरणा दिली.” ही तीन वाक्यं सद्भावनेने लिहिलेली आहेत आणि तिन्ही तिचं नुकसान करतात.

बालपणीच्या चिडेबद्दल वाचणाऱ्याला काहीच तपासता येत नाही. हुसैनारा खातून हा 1979 चा निकाल थोर आहे. बिहारच्या तुरुंगांत शिक्षेच्या मुदतीहूनही जास्त काळ खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांना त्याने बाहेर काढलं. पण विधी सहाय्यावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक भारतीय अर्जदार त्याचंच नाव घेतो आणि पुढे काही म्हणत नाही. सर्वांत घातक आहे मधलं वाक्य. न्यायालयात अशिलाची बाजू मांडण्याचा अधिकार 1961 च्या वकील कायद्याप्रमाणे सनद घेतलेल्या वकिलालाच आहे. विद्यार्थी उभा राहू शकत नाही, सनद न घेतलेला पदवीधरही नाही. भारतीय कायदा जाणणारा प्राध्यापक समितीवर असला तर “बाजू मांडली” हे शब्द वाचताच बाकीच्या पानावरचा त्याचा विश्वास उडतो. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनी “तक्ते भरणं आणि मसुदे करणं ही कामं तिने चोख केली” असं लिहिलं असेल, तर विसंगती कागदावरच उघडी पडते.

गंमत अशी की खरं काम सांगितलं तर ते या फुगवलेल्या वाक्यापेक्षा वजनदार ठरतं. तिने कारागृहात जाऊन तक्ते भरले. ज्यांना वकील नाही त्यांचे अर्ज प्राधिकरणाकडे पोचवले. लोकअभिरक्षक कार्यालयातल्या वकिलांसाठी जामिनाच्या अर्जांचे मसुदे केले. नातेवाइकांचे फोन नंबर शोधले. कोर्टाच्या संकेतस्थळावर तारखा पाहून वहीत टिपल्या. त्या वहीकडे तिने परत जायला हवं, कारण एसओपीचा कच्चा माल तिथे आहे.

समजा, वहीत एक नोंद अशी आहे. ऊसतोडीला आलेला एक मजूर. शेतातली पाण्याची मोटार चोरल्याचा आरोप. अटकेनंतर तीन आठवड्यांनी न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन दिला: पंधरा हजार रुपये आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. घरचे लोक दुसऱ्या जिल्ह्यात. भाऊ सातबारा घेऊन आला. जमीन परजिल्ह्यातली, तिथल्या तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला नाही. स्थानिक जामीनदार आणा, असं त्याला कोर्टात सांगण्यात आलं. भाऊ परत गेला, कारण टोळीचा मुकादम वाट पाहत होता. तिने तक्ता भरला तेव्हा जामिनाचा हुकूम होऊन पाच आठवडे झाले होते आणि माणूस आतच होता. नंतर तिने मसुदा केला, लोकअभिरक्षक वकिलांनी अर्ज दिला आणि जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरता रोख जामीन भरायची परवानगी कोर्टाने दिली. पैसे भावाने मुकादमाकडून उचल घेऊन भरले.

इथे बहुतेक अर्जदार करुणेकडे वळतात: त्या माणसाचे डोळे, बायकोचे हात, आपल्याला आलेलं रडू. ते खोटं नसतं. पण विद्यापीठ शोधत असतं ते अर्जदार या प्रसंगाकडे कायद्याच्या नजरेने पाहू शकतो का, हे. म्हणून या नोंदीला तिने तीन प्रश्न विचारायला हवेत. हे असं होऊ नये म्हणून कायदा काय म्हणतो? तो इथे का पोचला नाही? आणि या ‘का’चं कोणतं उत्तर मला अजून माहीत नाही?

कायदा बरंच काही म्हणतो. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. त्याला जामीन मंजूर झाला होता, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला नाकारलं, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे अमान्य केलं आणि एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. वहीतला ऊसतोड मजूर आणि 1978 चा गवंडी यांच्यातलं साम्य अंगावर येणारं आहे. तेच भावाचं नातं, तोच परजिल्हा. हुसैनारा खातूनऐवजी एसओपीत यावा तो हा निकाल, कारण तो तिच्या फायलीशी थेट जोडलेला आहे.

पुढे 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच अडचणीवर सविस्तर निर्देश दिले. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकामार्फत कैद्याला पोचवायचा. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिनाभरात मुचलका आणि जामीनदार दिला गेला नाही तर कोर्ट आपणहून प्रकरण हाती घेऊन अटी शिथिल करता येतील का ते पाहू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण असल्याने अशा प्रकरणांत ती अट घालू नये, असंही त्यात सांगितलं आहे.

वहीतल्या माणसाला पाच आठवडे झाले होते. म्हणजे सात दिवसांची पायरी ओलांडली होती, महिन्याचीही ओलांडली होती. इथे एसओपीला धार येते. तिला नेमकं माहीत आहे की साखळीची कोणती कडी तुटली, कारण ती कडी तिनेच हाताने जोडली. त्याच्या नावाची यादी प्राधिकरणाकडे आलेली नव्हती, ती कारागृहात गेली म्हणून तो सापडला.

एका सापळ्यापासून मात्र तिने जपायला हवं. कच्च्या कैद्यांचा विषय निघाला की हात आपोआप कलम 436 अ कडे जातो. पहिली चूक अशी की तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला क्रमांक आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यात ही तरतूद कलम 479 मध्ये आहे. आरोपीने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढला तर सुटका, आणि आधी कधीच शिक्षा न झालेला असेल तर एक तृतीयांश काळानंतरच. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही नाही. दुसरी चूक जास्त खोल आहे: या कलमाचा त्या मजुराला उपयोगच नव्हता. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं शिक्षा आहे, तिचा तिसरा हिस्सा म्हणजे एक वर्ष. त्याचा प्रश्न वर्षाचा नव्हता, आठवड्यांचा होता. त्याला जामीन नाकारलेला नव्हता, मंजूर झालेला होता. “कच्चे कैदी” या एकाच नावाखाली राहणारे हे दोन वेगळे लोक आहेत: ज्याला जामीन मिळत नाही तो, आणि ज्याला मिळालेला जामीन परवडत नाही तो. ज्या एसओपीत हा फरक स्पष्ट दिसतो, त्या एसओपीच्या लेखिकेला विषय कळलेला आहे हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मग येतो खरा प्रश्न. 2023 चे निर्देश सगळे हुकूम झाल्यानंतरचे आहेत. हुकूम करतानाच, रक्कम ठरवतानाच, आरोपीला किती झेपेल याची चौकशी कोर्टाने करावी का? केली तर कुणी, कोणत्या कागदांवर, किती वेळात? रोज शंभराच्या आसपास प्रकरणं बोर्डावर असलेल्या दंडाधिकाऱ्याला ती शक्य आहे का? याचं उत्तर तिला केंद्रात मिळालं नाही आणि मिळणारही नव्हतं. ते शोधायला इतर देशांनी काय केलं ते पाहावं लागतं. म्हणून एलएलएम. ‘पुढचं शिक्षण घ्यायचं आहे’ म्हणून नव्हे, या प्रश्नासाठी.

तुलनेला जागा भरपूर आहेत. इंग्लंडच्या 1976 च्या जामीन कायद्याने आरोपीकडून स्वतःच्या हजेरीसाठी पैशाचा मुचलका घेणंच बंद केलं. जामीनदार तिथेही मागता येतो, पण तो योग्य आहे का हे ठरवताना त्याची ऐपत, चारित्र्य आणि आरोपीशी असलेली त्याची जवळीक पाहावी असं कायद्यातच लिहिलं आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्याने 18 सप्टेंबर 2023 पासून रोख जामीन पूर्णपणे काढून टाकला. अर्ज इंग्लंडला असेल तर पहिलं उदाहरण, अमेरिकेला असेल तर दुसरं. दोन्ही एकाच पानात कोंबू नयेत. आणि “इंग्लंडसारखं भारतात करावं” असा निष्कर्ष अर्जातच काढू नये. निष्कर्ष आधीच माहीत असेल तर वर्षभर शिकायचं कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. प्रश्न उघडा ठेवावा, पण त्याच्या कडा स्पष्ट असाव्यात.

विद्यापीठाबद्दलचा परिच्छेद इथून आपोआप सुचतो. बहुतेक मसुद्यांत तो विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून उचललेला असतो: जगप्रसिद्ध प्राध्यापक, समृद्ध ग्रंथालय, विविध देशांचे विद्यार्थी. विद्यापीठाचं नाव बदलून दुसरं घातलं तरी काही बिघडत नसेल, तर तो परिच्छेद निरुपयोगी आहे. ही तपासणी घरच्या घरी करता येते. तिने करायचं ते असं. फौजदारी प्रक्रियेचा किंवा तुलनात्मक फौजदारी न्यायाचा कोणता विषय येत्या वर्षी खरोखर शिकवला जाणार आहे ते पाहायचं, कारण यादीत दिसणारा प्रत्येक विषय दरवर्षी चालतोच असं नाही. प्रबंध लिहिता येतो का ते पाहायचं. तिच्या प्रश्नाजवळ काम करणारा एखादा अध्यापक असेल तर त्याचा निदान एक लेख वाचायचा आणि तो आपल्या वहीतल्या नोंदीशी कुठे जुळतो किंवा कुठे जुळत नाही, ते दोन वाक्यांत सांगायचं.

एक जबाबदारी मात्र विसरली जाते आणि तिच्याबद्दल कळकळीने बोलायला हवं. वहीतला माणूस तिचा नाही. त्याने जे सांगितलं ते सुटायच्या आशेने सांगितलं, कुणाच्या परदेशी प्रवेशासाठी नव्हे. वकील आणि अशिलातल्या गोष्टी वकिलाने उघड करू नयेत, हे पुराव्याच्या कायद्याने फार पूर्वीपासून सांगितलं आहे, आणि वकिलाच्या हाताखाली काम करणाऱ्यांनाही ते बंधन आहे. नाव बदललं की झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ऊसतोड, पाण्याची मोटार, अमुक तालुका, अमुक महिना हे चार तपशील एकत्र आले की त्या गावातला कुणीही माणूस ओळखेल. एसओपीला त्यातला एकही लागत नाही. “हंगामी स्थलांतर करणारा, किरकोळ चोरीचा आरोप असलेला मजूर” एवढं पुरतं. परजिल्हा ठेवावा लागतो, कारण कायद्याचा प्रश्न त्याच्यावरच उभा आहे. कोणता परजिल्हा, ते सांगायची गरज नाही.

शेवटचा परिच्छेद पुढच्या बेताचा. तिथे “देशाची सेवा” हे शब्द येतात आणि पान पुन्हा धूसर होतं. त्याऐवजी परत आल्यावर सोमवारी सकाळी ती कुठे जाणार ते लिहावं: सनद घेऊन लोकअभिरक्षक कार्यालयात, की महाविद्यालयात शिकवायला, की कैद्यांसोबत काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून असं काम करतो आहे, म्हणजे ही वाट काल्पनिक नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा लिहावा लागतो. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्याने अभ्यास संपल्यावर निदान दोन वर्षं मायदेशी परतायचं असतं, तेव्हा तिथे परतल्यानंतरच्या कामाला जास्त जागा द्यावी लागते. विद्यापीठाचा एसओपी जसाच्या तसा तिथे चिकटवला तर तो अपुरा पडतो.

हे सगळं करून झाल्यावर तिच्या दुसऱ्या मसुद्याची सुरुवात अशी होते. मूळ इंग्रजीत असेल, मराठीत तिचा आशय हा:

“मी भरलेल्या तक्त्यात ‘जामिनाची स्थिती’ असा एक रकाना होता. एका माणसाच्या नावापुढे मी ‘मंजूर’ असं लिहिलं आणि मग माझ्या लक्षात आलं की तो माझ्यासमोर, कारागृहातच बसला आहे. त्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारण्यात आलं होतं, कारण त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट 1978 मध्ये चुकीची ठरवली होती. मी सनदधारक वकील नव्हते. अर्जाचा मसुदा मी केला आणि तो लोकअभिरक्षकांनी दाखल केला. तो माणूस सुटला, पण उचल घेतलेल्या पैशांवर. रक्कम ठरवताना त्याच्या कमाईबद्दल त्याला एकही प्रश्न विचारलेला मला नोंदीत सापडला नाही. तो प्रश्न कुणी, केव्हा आणि कसा विचारायला हवा, याचा अभ्यास मला करायचा आहे.”

लहानपण गेलं, दोनशे अशील गेले, चीड गेली. पहिल्या मसुद्यापेक्षा यात मोठेपणा कमी सांगितला आहे आणि माहिती कितीतरी जास्त आहे. शिफारस करणाऱ्या सरांकडे हे पान ती घेऊन जाते तेव्हा त्यांनाही काय लिहावं हे लगेच कळतं: त्या तक्त्यांच्या गठ्ठ्यातून ही एक नोंद तिनेच बाजूला काढली होती आणि त्याच दुपारी प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन सचिवांच्या टेबलावर ठेवली होती.